कथा : बांबूएवढा माणूस (आणि तिच्यातल्या उजेडाविषयी एक शंका)

धानबांधी

मी चंद्रपूर जिल्ह्याच्या धानपट्ट्यातला आहे. आमच्याकडे धानाचे चुरणे आटोपले की गाड्या भरभरून माणसे तेलंगणात, खम्मम-वरंगलच्या बाजूला मिरची तोडायला जातात आणि उन्हाळ्यात मिरचीची पोती घेऊन परततात. पुढची कथा त्यांच्यापैकी एका घराची आहे. मी स्वतः छायाचित्रकार नाही. फोटो जोडण्याचे काम मी एका ओळखीच्या स्टुडिओत स्टुलावर बसून पाहिले आणि त्यावरून लिहिले, त्यामुळे त्या भागात कुठे चुकले असेल तर जाणकारांनी सांगावे. विशेषतः दिवाकर सावली मोजून उजेड जुळवतो, तो हिशेब प्रत्यक्षात बरोबर येईल का, ही माझी शंका आहे.

---

दिवाकरच्या स्टुडिओत फोटो जोडून घ्यायला येणारी माणसे पूर्वी एकाच कारणाने येत. आजोबा वारले, त्यांचा भिंतीवर लावण्याजोगा फोटो नाही, तेव्हा मतदान ओळखपत्रावरचा चेहरा मोठा करून आजीच्या शेजारी बसवून द्या आणि मागे निळे आभाळ टाका, एवढीच मागणी असे. निळे आभाळ म्हणजे मेलेला माणूस, हे गावात कोणी ठरवले नव्हते, पण कोणाला सांगावेही लागत नव्हते. म्हणून त्या दिवशी म्हातारी सुनेला आणि चार वर्षांच्या नातीला घेऊन दुकानात आली, तेव्हा काम सांगण्याआधी तिने अट सांगितली.

"आभाळ नोको टाकू बाप्पा. माहा पोरगा जिता आहे."

मुलगा मिरचीला गेला होता. घरकुलाचे बांधकाम त्याच्या समोर स्लॅबपर्यंत आले, पण दरवाजा तो गेल्यावर बसला आणि तोही त्यानेच मागच्या साली आणलेल्या पैशांतून. आता त्या दरवाज्यापुढे सगळ्यांचा एक फोटो हवा होता आणि त्यात तो हवा होता. सुनेने मोबाइल पुढे केला. त्यात दोन फोटो होते. एक नवऱ्याचा, शेताच्या कडेला सरळ उभा असलेला, सोबत्याने काढलेला. दुसरा या तिघींचा, दरवाज्यापुढचा, शेजारच्या पोराने संध्याकाळी काढलेला. दिवाकरला ते काम तासाभराचे वाटले आणि त्याने तसेच केले.

अडचण एवढीच होती की नवऱ्यावर ऊन उजवीकडून पडले होते आणि घरच्यांवर डावीकडून. दिवाकरने सगळे करतात तेच केले. नवऱ्याचा फोटो आरशासारखा उलटवला, ऊन आपोआप डावीकडे आले, मग कडा कापून त्याला बायकोच्या शेजारी उभे केले. दुसऱ्या दिवशी म्हातारीने तो फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि काउंटरवर पालथा ठेवला.

"हा माहा पोरगा नाई."

"आजी, तुमच्याच मोबाइलातला आहे."

"ह्या सदऱ्याचा खिसा मी टाचला. तो डाव्या अंगाले आहे. तुह्या फोटोत उजव्या अंगाले गेला."

दिवाकरने पाहिले. खिसा उजवीकडे गेला होता, गुंड्यांची पट्टी उलटी झाली होती, आणि एकदा ते दिसल्यावर भांगही उलटा दिसू लागला. चेहऱ्याच्या दोन बाजू सारख्या नसतात आणि ज्या आईने तो चेहरा तीस वर्षे समोरून पाहिला आहे, तिला त्यातला फरक नेमका सांगता आला नाही तरी खटकतोच. खिसा हे तिला सापडलेले कारण होते.

त्या रात्री दिवाकरने काम उलट्या बाजूने मोजले. आजवर तो बाहेरगावच्या माणसाला घरच्या फोटोत बसवत होता, म्हणजे जो फोटो पुन्हा काढता येत नाही, त्यालाच वाकवत होता. घरच्यांचा फोटो मात्र हवा तितक्या वेळा काढता येणार होता. तेव्हा वाकायचे असेल तर घराने वाकावे, असे त्याने ठरवले आणि नवऱ्याचा फोटो पडद्यावर मोठा करून तो कसा काढला असेल, ते शोधायला बसला.

पहिली गोष्ट त्याला क्षितिजाने सांगितली. सपाट रानात दूरची कड कॅमेऱ्याच्या उंचीवर येते आणि ती इथे नवऱ्याच्या छातीवरून, काखेच्या पातळीला जात होती. माणसाची उंची कळली की कॅमेऱ्याची कळली. त्याने सुनेला फोन केला. तिने क्षणभरही विचार न करता आकडा सांगितला, कारण तो आकडा त्या घरात सगळ्यांना पाठ होता. पोलीस भरतीला १६५ सेंटीमीटर लागतात आणि तो १६३ भरला होता. त्या हिशेबाने सोबत्याने मोबाइल जमिनीपासून साधारण चार फुटांवर धरला होता. घरच्यांचा फोटोही चार फुटांवरूनच काढायचा. मग तीच रेषा सुनेच्या खांद्यावरून आणि म्हातारीच्या हनुवटीपाशी जाईल आणि कोणाला लहान-मोठे करण्याची गरजच पडणार नाही.

दुसरी गोष्ट सावलीने सांगितली. नवऱ्याची सावली डावीकडे आणि थोडी मागे पडली होती आणि पट्टीने मोजली तर त्याच्या दीडपट भरत होती. ऊन उतरतीचे होते, दुपारचे साडेतीन असावेत. घरकुल मात्र दक्षिणेला तोंड करून होते (घरकुलात दिशा निवडायला मिळत नाही आणि मिळाली असती तरी रस्ता तिकडेच होता), त्यामुळे दुपारी तिथे ऊन डावीकडूनच येणार. उजवीकडून येईल ते सकाळी. दिवाकरला सोपे सुचले. सूर्य दुपारनंतर जितका खाली येतो, तितकाच तो सकाळीही कधीतरी असतो. तो सकाळी नऊलाच त्या घरी गेला, अंगणात तीन फुटांची काठी उभी धरली आणि तिची सावली साडेचार फूट होईपर्यंत थांबला. सव्वानऊच्या सुमारास ती झाली.

नवऱ्याच्या जागी उभे करायला त्याला कोणीतरी हवे होते, म्हणजे सावली जमिनीवर खरी पडली असती आणि पोरीला हात धरायला काहीतरी मिळाले असते. शेजारचा पोरगा तयार होता. म्हातारी नाही म्हणाली. "त्याच्या जागी दुसरा नोको." तेव्हा दिवाकरने कुंपणातला एक बांबू काढला, टेप लावून १६३ सेंटीमीटरवर कापला आणि भिंतीपासून सहा फूट पुढे जमिनीत किंचित रोवला, म्हणजे सावली भिंतीवर चढणार नाही. बांबूच्या डाव्या हाताला सून उभी राहिली, कारण बायको डाव्या अंगाला असते. तिच्या पलीकडे म्हातारी. पोरगी पुढे. तिला कोणी सांगितले नव्हते, पण फोटो काढण्याच्या क्षणी तिने मागे हात करून बांबू धरला.

जोडायला त्याला दोन संध्याकाळी लागल्या. बांबू पुसला, त्याची सावली ठेवली आणि ती माणसाएवढी रुंद केली. पोरीची मूठ नवऱ्याच्या सदऱ्याच्या टोकावर आणली, तिथे दोन चुण्या रंगवल्या. घरच्यांचा फोटो चांगल्या कॅमेऱ्याचा होता, नवऱ्याचा साधा, म्हणून घरचे थोडे बोथट केले आणि सगळ्यांवर मिळून एकसारखा बारीक कण टाकला. बारा बाय अठराचा प्रिंट काढण्याआधी त्याने सुनेला पडद्यावर दाखवायला बोलावले. ती एकटीच आली. तिने आधी खिसा पाहिला. मग बराच वेळ काही बोलली नाही.

"भाऊ, दोन सेंटीमीटर वाढवता येते का?"

दिवाकरने पट्टी काढली. नऊ इंची माणसाच्या दोन सेंटीमीटरचे प्रिंटमध्ये तीन मिलिमीटरही होत नव्हते.

---

चुलबंद

फार छान माहिती दिलीत. माझे वडील २०११ साली वारले, त्यांचा एकट्याचा फोटो आहे, पण आईसोबतचा एकही नाही. दिवाकर यांच्या स्टुडिओचा पत्ता आणि बारा बाय अठराचा दर कळवावा. आम्हाला मागे निळे आभाळ चालेल.

धानबांधी

चुलबंद, ही कथा आहे, दिवाकर नावाचा कोणी स्टुडिओवाला नाही. मात्र तुमचे काम कोणत्याही तालुक्याच्या गावी होईल. एकच सांगतो, वडिलांचा फोटो उलटवू देऊ नका.

हौशी५०

कथा आवडली. क्षितिजाची रेषा सगळ्यांच्या अंगावरून एकाच उंचीने जाते, हे मला माहीत नव्हते. जुने फोटो काढून पाहिले, खरेच तसे दिसते. तांत्रिकदृष्ट्या एक मोठी उणीव मात्र राहिली आहे. मोबाइलचे भिंग रुंद कोनाचे असते आणि रुंद भिंग चेहरा वाकडा करते, नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. दिवाकरने घरच्यांचा फोटो "चांगल्या कॅमेऱ्याने" काढला, त्याचे भिंग वेगळे, त्यामुळे चेहरे जुळणारच नाहीत. त्याने मोबाइलनेच काढायला हवा होता. लेखकाने एवढी दुरुस्ती केली तर कथा निर्दोष होईल.

जुना डार्करूमवाला

हौशी५०, आपले निम्मे बरोबर आहे. नाक मोठे दिसते हे खरे, पण ते भिंगामुळे नव्हे, अंतरामुळे. मोबाइलने हातभर अंतरावरून स्वतःचा फोटो काढला की नाक कानांच्या मानाने कॅमेऱ्याच्या खूप जवळ येते, म्हणून ते मोठे दिसते. त्याच मोबाइलने दहा फुटांवरून पूर्ण उभा माणूस काढला तर चेहरा तसा दिसत नाही. तेव्हा भिंग कोणतेही वापरा, जेवढ्या अंतरावरून तिकडचा फोटो काढला आहे, तेवढ्याच अंतरावरून इकडचा काढा. कथेत सोबत्याने पूर्ण उभा माणूस काढला आहे, म्हणजे तो आठ-दहा फुटांवर असावा. दिवाकरही तेवढाच लांब उभा राहिला असेल तर अडचण नाही. लेखकाने कॅमेऱ्याची उंची सांगितली, अंतर सांगितले नाही, ही खरी उणीव.

आता लेखकाच्या शंकेविषयी. सावलीचा हिशेब कथेत गोड वाटतो, पण त्यात एक फसगत आहे. आपणच लिहिले आहे की नवऱ्याची सावली डावीकडे आणि थोडी मागे पडली होती. मागे जाणारी सावली फोटोत आखडून दिसते, खरी असते त्यापेक्षा आखूड. फोटोत दीडपट दिसली तर जमिनीवर ती पावणेदोनपटीच्या आसपास असणार. दिवाकरने काठीची सावली जमिनीवर टेप लावून मोजली, म्हणजे त्याने फोटोतले माप जमिनीवर लावले. फरक वीसएक मिनिटांचा पडतो, बघणाऱ्याला तो कळणार नाही, हे मान्य. पण सावली तिरकस जास्त असती, समजा कॅमेऱ्याकडेच येत असती, तर हा हिशेब साफ कोसळला असता. खरे तर त्याला काठीची गरजच नव्हती. १६३ चा बांबू त्याच जागी रोवायचा होता, तर चार फुटांवरून त्याचा फोटो काढत राहायचे आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर बांबूच्या सावलीची लांबी आणि दिशा दोन्ही नवऱ्याच्या फोटोशी जुळली की थांबायचे. फोटोतले माप फोटोतच घ्यावे.

आणि जमीन सपाट नसेल तर सावलीवर विसंबूच नये, नाकाची सावली पाहावी. ती ओठांच्या कोपऱ्याकडे उतरते की गालावर आडवी जाते, एवढ्यावरून ऊन किती वर आणि किती बाजूला आहे ते कळते. चेहरा कॅमेऱ्याकडे सरळ असला म्हणजे झाले.

आम्ही हे काम कात्रीने केले. दोन्ही प्रिंट एकाच कागदावर, एकाच मापाचे काढायचे, माणूस धारदार पात्याने कापायचा, मग त्याची कड मागच्या बाजूने बारीक पॉलिश कागदाने घासायची, इतकी की कड कागदाची न राहता नुसत्या पापुद्र्याची राहते. ती घासली नाही तर चिकटवल्यावर कडेची सावली पडते आणि कॉपी करताना माणसाभोवती काळी रेघ येते. चिकटवले की शिवण ब्रशने भरायची आणि त्या सगळ्याचा पुन्हा फोटो काढून नवी निगेटिव्ह करायची. एका जोडफोटोला तीन दिवस जात. त्यामुळे उजेड आधी जुळवण्याची अक्कल आम्हाला फार लवकर आली, कारण चूक पुसता येत नसे. आता उलटवायला एक बटण आहे, म्हणून खिसे उजवीकडे जातात.

वर्धेकरीण

डार्करूमवाल्या काकांच्या प्रतिसादाने मला आमच्या घरातला फोटो उतरवून पाहावासा वाटला. माझे वडील भिलाईला होते आणि आम्ही गावी. आईने १९८४ की ८५ साली असा एक फोटो जोडून घेतला होता. त्यात आई खुर्चीवर बसली आहे, मी तिच्या मांडीवर, आणि वडील खुर्चीमागे उभे आहेत. इतकी वर्षे मला वाटे की पद्धतच तशी होती. आज कळले, खुर्चीमागे उभे केले की पाय दाखवावे लागत नाहीत आणि जमिनीवर सावलीही लागत नाही.

वडिलांचा हात खुर्चीच्या पाठीवर आहे. भिंग घेऊन पाहिले तर त्या हाताला चार बोटे आणि अंगठा आहे, पण एकाही बोटाला नख नाही. तो हात कोणीतरी ब्रशने काढला आहे. चाळीस वर्षे तो फोटो देवघराशेजारी होता आणि आमच्यापैकी कोणालाही दिसले नाही.

मला ज्याविषयी बोलायचे आहे ते वेगळेच आहे. तो फोटो जोडलेला आहे हे मला बारावीत असताना कळले. तोवर मला तो दिवस आठवत होता. वडील आले होते, त्यांनी मला गोळ्या आणल्या होत्या, स्टुडिओत मोठा पंखा होता, हे सगळे मी मैत्रिणींना सांगत असे. तसा दिवस कधी झालाच नव्हता. कथेतल्या पोरीने बांबू धरला. तिला पुढे बांबू आठवेल की बाप?

जुना डार्करूमवाला

ताई, नखे न काढणे ही आमच्या पिढीची चोरी होती. ब्रशने नखे काढायला गेले की हात बाईचा दिसू लागे, म्हणून बरेच जण सोडून देत. तो हात मी काढलेला नाही, पण काढला असता तर असाच काढला असता.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

नदीपल्याड

मी गडचिरोलीकडचा आहे, माझे दोन काका दरवर्षी मिरचीला जातात, म्हणून दोन गोष्टी सांगतो. एक, मिरची तोडताना कोणी अर्ध्या बाहीचा सदरा घालत नाही. अंग जळते. पूर्ण बाही, तोंडाला दुपट्टा, बायका तर लुगड्यावरून नवऱ्याचा जुना शर्ट चढवतात. कथेत बाहीचा उल्लेख नाही, पण टाचलेल्या खिशाचा सदरा हा कामावरचा वाटतो आणि माणूस "सरळ उभा" आहे. कामावरचा माणूस असा उभा राहत नाही. तो फोटोसाठी आंघोळ करून, सदरा बदलून उभा राहिला असणार. लेखकाने हे एका वाक्यात सांगायला हवे होते, कारण तिकडेही त्याने तयारी केली होती, हे दिसले असते.

दुसरी गोष्ट मोठी आहे. शेवट मला पटला नाही. ज्या दिवाकरने एवढा आटापिटा करून १६३ चा बांबू कापला, तो दोन सेंटीमीटर वाढवणार असेल, तर मग बांबू कशाला हवा होता? आणि बायकोने तसे मागणे म्हणजे नवरा आहे तेवढा पुरत नाही असे म्हणणे होते. त्याला फोटो गेल्यावर काय वाटेल?

वर्धेकरीण

नदीपल्याड, मला ते मागणे तसे वाटले नाही. भरतीच्या मैदानावर ज्यांनी त्याला परत पाठवले, त्यांच्यासाठी ते मागणे आहे. तिच्यासाठी नव्हे.

नदीपल्याड

असेल, पण ज्यांनी परत पाठवले ते हा फोटो पाहणार नाहीत. पाहणार तो. आणि त्याला तो आकडा तिच्यापेक्षा जास्त पाठ आहे.

हौशी५०

अंतराविषयीची दुरुस्ती मान्य. काल बहिणीला एकाच भिंगाने दोन फुटांवरून आणि दहा फुटांवरून काढून पाहिले. मग मोबाइल आणि कॅमेरा दोन्ही दहा फुटांवरून. मी चुकलो होतो. आता शेवटाविषयी तांत्रिक उत्तर देतो. १६३ चे १६५ केले तर वाढ सव्वा टक्क्याची आहे. पाय जागेवर ठेवून माणूस वर ताणला तर क्षितिजाची रेषा त्याच्या छातीवर केसभर खाली येईल, पण घरकुलाच्या फोटोत मागे भिंत आहे, क्षितिज दिसतच नाही. त्यामुळे ते कोणालाही पकडता येणार नाही.

जुना डार्करूमवाला

तांत्रिक उत्तर बरोबर आहे. फक्त नुसता उंचीत ताणायचा नाही, रुंदीतही तेवढाच वाढवायचा, नाहीतर चेहरा लांबट होतो आणि सव्वा टक्क्यालाही आईला कळते. खिसा कळला तिथे हे कळणारच.

लेखकाला एक विचारायचे राहिले. नवऱ्याचा फोटो आला कसा? व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला असेल तर तो लांब बाजूला सुमारे १६०० पिक्सेलचा होऊन येतो. त्यात माणसाने १३०० व्यापले असतील आणि प्रिंटमध्ये तो नऊ इंच उभा राहिला, तर इंचाला दीडशेच्या आत पिक्सेल मिळतात. भिंतीवर लांबून पाहायला चालते, पण खिशाचा टाका त्यात दिसणार नाही. म्हातारीला टाका दिसला नाही, खिशाची बाजू दिसली, असे आपण लिहिले आहे, म्हणून कथा सुटली. प्रत्यक्षात दिवाकरने पहिल्याच दिवशी सुनेला सांगायला हवे होते की त्याला फोन करून तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला लावा, म्हणजे मोबाइलने काढला तेवढाच येतो. मी येणाऱ्या प्रत्येकाला आधी हे सांगतो आणि मग पाणी विचारतो.

धानबांधी

सर्वांचे आभार. अंतर आणि डॉक्युमेंटचा फोन हे दोन्ही घालतो. सदरा बदलल्याचे वाक्यही घालतो, नदीपल्याड यांचे म्हणणे पटले. काठी काढून सगळे बांबूवरच आणावे असेही वाटते आहे, पण तीन फुटांच्या काठीजवळ म्हातारी उभी राहते असा एक प्रसंग माझ्या मनात होता आणि तो सोडवत नाही. चुकीचा हिशेब दिवाकरचा म्हणून ठेवावा का, असा विचार चालू आहे. शेवट बदलणार नाही. त्याने वाढवले की नाही, ते मी लिहिलेले नाही.

चुलबंद

मी सर्व प्रतिसाद वाचले. आमच्या गावच्या स्टुडिओत जाऊन आलो. तो म्हणतो वडिलांचा फोटो फक्त छातीपर्यंत आहे, आईचा पूर्ण उभा आहे, उंची सांगा. वडिलांची उंची कुठेच नोंदलेली नाही. घरात त्यांचे एक धोतर आणि कोट ठेवलेला आहे. त्यावरून काढता येईल का?

जुना डार्करूमवाला

धोतरावरून येणार नाही. कोटाची बाही खांद्याच्या शिवणीपासून मनगटापर्यंत मोजा आणि कोट कोणाला अगदी बरोबर बसतो का ते घरात पाहा. भाऊ, पुतण्या, कोणीही. ज्याला बाही आणि खांदे दोन्ही बसतील, त्याला आईशेजारी उभा करून पाहा आणि आईला विचारा, एवढेच होते का. आई सांगतील.